चुकीच्या खात्यात गेलेले पैसे: ‘४८ तासांत परत’बद्दल खुलासा

ग्रुपवर फिरणारा मेसेज: “चुकून दुसऱ्याच्या खात्यात पैसे गेले तर ४८ तासांत बँकेला कळवा, बँक त्याच्या खात्यातून काढून परत देते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.”

भाऊ, असं होत नाही. समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून आपले पैसे काढून देत नाही. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नाव जुळलं नाही तरी. क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे आपोआप परत येतात. अडचण होते तो दुसऱ्या कोणाचा निघाला तर.

माझंच झालं. रावेरच्या एकाला केळीच्या रोपांचे १८,००० पाठवताना शेवटचे ७४ चे ४७ झाले. त्याच दुपारी शाखेत लेखी अर्ज दिला: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम, चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही खाते क्रमांक. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली (ती मागावीच लागते). आमच्या बँकेने त्या बँकेला कळवलं, तिने खातेदाराला विचारलं. माणूस भला, त्याने होकार लिहून दिला. तरी अकरा दिवस गेले.

नकार आला असता तर वकिलाची नोटीस, मग कोर्ट. तिथे ती पोच कामी येते.

एप्रिल २०२५ पासून नेट बँकिंगवरून एनईएफटी, आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय आहे. ते वाचूनच पुढे जा.

तो मेसेज आपल्या ग्रुपवर असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ‘४८ तास आहेत’ म्हणून कोणी उद्यावर टाकेल, तोवर पैसे खर्चही झालेले असतील.