मामांच्या दोन लाखांतले बासष्ट हजार कुणी आणि का नेले?

मला लॉटरीचं कौतुक सांगू नका आणि तिच्यावर प्रवचनही देऊ नका. मला फक्त करावर बोलायचंय, कारण डोकं फिरलंय.

आमचे मामा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणतात. बारा तासांची पाळी, महिन्याला पंधरा हजार. गेल्या दिवाळीत त्यांच्या तिकिटाला २ लाखांचं बक्षीस लागलं. पासबुकात जमा झाले १ लाख ४० हजार. मामांना वाटलं एजंटनं मध्येच हात मारला. तसं काही नव्हतं. दहा हजारांच्या वरच्या बक्षिसातून ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे द्यायचे, असा कायदा आहे. मीच त्यांना धीर दिला, "मामा, तुमचं उत्पन्न किती ते! रिटर्न भरलं की सगळे परत येतील."

सीएनं कॉम्प्युटरवर कापलेल्या कराचा उतारा, २६एएस, उघडून दाखवला. लॉटरीच्या टीडीएसचं कलम 194B अशी ओळ, पुढं दोन लाख, त्यापुढं साठ हजार. म्हणाला, "परत काही येत नाही. उलट २,४०० अजून भरायचेत, करावरच्या चार टक्के सेसचे." आणि साधं आयटीआर-१ चालत नाही, लॉटरीचं उत्पन्न असलं की आयटीआर-२ भरायचं. म्हणजे सीएची फी वेगळी.

आता हिशोब बघा. मामांचा वर्षाचा पगार १ लाख ८० हजार, बक्षीस २ लाख, एकूण ३ लाख ८० हजार. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे. पण प्राप्तिकर कायद्याचं कलम ११५बीबी म्हणतं, बक्षीस वेगळं काढा आणि त्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के लावा. ४ लाखांतली तुमची उरलेली २ लाख २० हजारांची जागा रिकामी असली तरी ती बक्षिसाला वापरता येत नाही. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा कर माफ करणारी ८७ए ची सवलतही नव्या रचनेत या पैशाला नाही. वर्षाला बारा लाख पगार घेणारा त्याच सवलतीमुळं शून्य कर भरतो आणि मागावर उभा राहणारा माणूस ६२,४०० भरतो! हा कुठला न्याय?

"श्रीमंतांनाही तोच दर आहे की" असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो. अहो, चाळीस लाख कमावणारा तसाही ३० टक्क्यांच्या टप्प्यात बसलेला असतो. त्याला दोन लाख लागले तर ११५बीबी असो वा नसो, तो त्यावर ६२,४००च भरणार. म्हणजे या सरसकट दराचा चटका बसतो तो खालच्यालाच.

सरकारची बाजू मला माहीत आहे. लॉटरीवर १९७२ पर्यंत प्राप्तिकरच नव्हता. मग तो आला, पण वजावटीसकट. १९८६ च्या फायनान्स ॲक्टनं वजावट काढून सरसकट ४० टक्के केले, २००१ मध्ये ते ३० वर आणले. कारणं अशी देतात की हा कष्टाचा पैसा नाही, एकदाच येतो, आणि देतानाच कापून घेतला की वसुली सोपी. शिवाय लागलेलं तिकीट जास्त पैसे मोजून विकत घ्यायचं आणि काळ्याचं पांढरं करायचं, हा धंदा चालायचा. सरसकट कर लावला की तो महागात पडतो. हे शेवटचं कारण मला पटतंसुद्धा. पण मामांकडं कुठलं काळं धन? पॅन दिलंय, पैसे खात्यात आलेत, पगाराचा कागद आहे.

आणि कष्टाशिवाय आलेल्या पैशाचीच चीड असेल तर वारशाचं काय? बापाचा दोन कोटींचा प्लॉट पोराच्या नावावर होतो, तेव्हा मिळण्यावर प्राप्तिकर शून्य. त्यात पोराचे कष्ट कुठले?

तिकिटांचा खर्चही धरत नाहीत. मामांची वर्षानुवर्षं न लागलेली तिकिटं कचऱ्यात गेली, त्यांची वजावट नाही. लागलेल्या तिकिटाची किंमतसुद्धा वजा होत नाही. शेअरबाजारात ऑप्शन खेळणाऱ्याला मात्र तोटा नफ्यातून वजा करता येतो, उरला तर आठ वर्षं पुढं ओढता येतो. तो व्यवसाय आणि हा जुगार! तिकिटाच्या जुन्या खर्चाचा पुरावा तपासणं अवघड आहे, हे मान्य. म्हणून खर्चाचं मी सोडूनही देतो.

पण रिकामी मर्यादा तपासायला काय अवघड आहे? ती तर रिटर्नमध्येच दिसते. टीडीएस खुशाल ३० टक्के कापा, पण रिटर्न भरताना आधी माणसाची ४ लाखांची मर्यादा पुरी भरू द्या आणि त्यावरच्या बक्षिसाला ३० टक्के लावा. मामांएवढाच पगार असलेल्या कुणाला वीस लाख लागले तर आज ६ लाख २४ हजार जातात, तेव्हाही साडेपाच लाखांच्या वर जातील. सरकारचं एवढंसंच घटेल. मामांचे मात्र साठच्या साठ हजार परत येतील आणि पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलून होतील.