गाडीचा नंबर असा झाकावा की तो सर्वांना वाचता येईल

नव्या गाडीच्या पूजेचा फोटो समाजमाध्यमांवर टाकणे हे आता गाडीला लिंबू-मिरची बांधण्याइतकेच अनिवार्य झाले आहे. गेल्या आठवड्यात आमच्या एका आप्तांनी आमच्या गाडीचा फोटो आम्हाला न विचारता टाकला आणि वर ‘नंबर झाकला आहे, काळजी नसावी’ असेही कळवले. त्यांच्या या कौशल्याचा लाभ आपणा सर्वांना व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम फोनमधल्या ‘एडिट’मध्ये जाऊन हायलायटर निवडावा आणि त्याचा रंग काळा करावा. पाटीवरून दोन-तीन वेळा बोट फिरवले की ती काळी दिसू लागते आणि कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभते. हायलायटर मुळात खालची अक्षरे दिसत राहावीत म्हणूनच अर्धपारदर्शक केलेला असतो, या क्षुल्लक बाबीकडे दुर्लक्ष करावे. ज्याला नंबर हवा असतो तो फोटो उतरवून घेतो, एक्स्पोजर आणि ब्राइटनेस टोकापर्यंत वाढवतो, आणि त्या काळ्या पट्ट्यातून करडे आकडे वर येतात. दरवेळी सगळे येतीलच असे नाही. पण आमचे चारही आले! आणि इतके करून समोरच्या काचेवरच्या स्टिकरवर तोच नंबर छापलेला असतो, याचा पत्ताच नाही! मागे फाटकाच्या खांबावर बंगल्याचे नाव आणि प्लॉट क्रमांक संगमरवरात कोरलेला, तोही स्वच्छ उन्हात. झाकले काय, तर जे झाकले गेलेच नाही ते.

हायलायटर जमत नसेल तर नंबरावर मोठे चौकोन पाडणारा इफेक्ट वापरावा. पाटीची मांडणी ठरलेली असल्यामुळे शेवटच्या चार आकड्यांचे जेमतेम 10,000 पर्याय असतात; संगणकावर त्या प्रत्येकाचे तसेच चौकोन पाडून आपल्या फोटोशी ताडून पाहणाऱ्यालाही थोडे काम मिळते.

मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेले अक्षांश-रेखांशही सोबत जातात.

आता सरळच सांगतो. आकारांच्या यादीतला चौकोन घ्या, तो गडद रंगाने पूर्ण भरा, अपारदर्शकता 100 टक्के आहे याची खात्री करा आणि पाटीच्या कडांबाहेर जाईल इतका मोठा ठेवा. काचेवरचा स्टिकर, खांब आणि शेजारच्यांच्या गाड्याही झाका. नंतर त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा; त्यात खालची अक्षरे नसतात आणि मूळ फोटोतली जागेची नोंदही नसते. हे करायला दोन मिनिटे लागतात. तेवढी सवड नसेल तर दुसऱ्याच्या घराचे आणि गाडीचे फोटो टाकू नका. आणि ‘लगेच डिलीट केला ना’ असे मुळीच ऐकवू नका, कारण ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्या फोनमधून तो तुमच्या डिलीट करण्याने जात नाही.