ब्लॉकच्या भिंतीला विटेची गिट्टी चालत नाही

"भिंत विटेची असो की ब्लॉकची, काही फरक पडत नाही. 8 चा बिट घ्या, मशीन हॅमरवर टाका, 8 ची गिट्टी ठोका आणि मिळेल तितका लांब स्क्रू पिळा. भोक सैल पडलंच तर काडेपेटीच्या काड्या नाहीतर व्हाईट सिमेंट. मी 20 वर्षं हेच करतोय, आजवर काही पडलं नाही."

असं म्हणणारे कारागीर भेटतात. गिट्टी म्हणजे स्क्रू धरायला भिंतीतल्या भोकात ठोकायची नायलॉनची नळी. काही पडलं नाही, हे खरं असेल. मीही फर्निचर बसवतो आणि माझीही पहिली बरीच वर्षं अशीच गेली, कारण भिंती विटेच्या होत्या आणि टांगायच्या वस्तू म्हणजे घड्याळ, आरसा, फोटो. अशा वस्तू भिंतीला चिकटून असतात. त्यांचं वजन स्क्रूला खाली दाबतं, बाहेर ओढत नाही. खाली दाबणारा भार अर्धवट बसलेली गिट्टीसुद्धा पेलते.

फळीचं तसं नसतं. 25 सेंमी खोल फळीवर 20 किलो सामान ठेवलं तर त्याचा मध्य भिंतीपासून साडेबारा सेंमीवर येतो. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून 8 सेंमी वर असेल, तर 20 गुणिले साडेबारा भागिले 8, म्हणजे 31 किलोची ओढ वरच्या स्क्रूंवर येते, तीही भिंतीतून बाहेर. सामान 20 किलोचं आणि ओढ 31 ची. पनवेलच्या एका फ्लॅटमध्ये मी बसवलेली मसाल्यांची फळी तिसऱ्या आठवड्यात डब्यांसकट ओट्यावर आली, तेव्हा हा हिशेब कागदावर मांडायची वेळ आली. स्क्रू वाकला नव्हता, गिट्टीही फाटली नव्हती. दोन्ही जशीच्या तशी, सबंध बाहेर आली होती. भिंत पोकळ ब्लॉकची होती.

नायलॉनची गिट्टी काय करते ते आधी पाहू. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, तेच तिचं बळ. म्हणजे तिच्या चारही बाजूंना दाब सोसणारा भरीव माल हवा. भाजक्या विटेत तो मिळतो. पोकळ काँक्रीट ब्लॉकमध्ये समोरचं कवच साधारण 25 ते 35 मिमी जाड असतं, त्यामागे सरळ हवा. गिट्टीचं सगळ्यात जास्त फुगणारं टोक त्या हवेत लोंबत राहतं आणि दाबायला काहीच सापडत नाही. म्हणून विटेत गिट्टी दाबून धरते आणि पोकळ ब्लॉकमध्ये काहीतरी कवचाच्या मागे जाऊन अडकावं लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच गिट्टीकडून दोन्हींची अपेक्षा करायची तर गिट्टी त्यासाठी बनवलेली हवी.

विटेच्या भिंतीतही "8 ची गिट्टी" एवढंच सांगून भागत नाही, लांबी सांगावी लागते. आपल्याकडे आतलं प्लास्टर 12 ते 20 मिमी असतं आणि त्यात धरण्याची ताकद नाही असंच समजावं. 40 मिमीची गिट्टी 20 मिमी प्लास्टरमध्ये गेली तर विटेत उरली 20. हलक्या वस्तूला ठीक, फळीला नाही. निदान 40 मिमी गिट्टी विटेत हवी, म्हणजे 60 ची घ्यावी किंवा बिनकॉलरची गिट्टी प्लास्टरच्या आत ढकलावी. भोक गिट्टीपेक्षा 10 मिमी खोल पाडावं आणि आतली भुकटी फुंकून काढावी. रबरी पंप नसेल तर सायकलचा पंप चालतो. तोंडाने फुंकणाऱ्याने डोळे मिटावेत, मी एकदा मिटले नव्हते. भुकटी लाल येता येता मधेच करडी, वाळूसारखी येऊ लागली तर बिट दोन विटांमधल्या सांध्यात घुसला आहे. जुन्या घरात हा सांधा बोटाने खरवडला तरी सुटतो. तिथे गिट्टी न ठोकता पाच-सहा सेंमी वर किंवा खाली सरकावं.

आता हॅमर. भरीव विटेत हलका हॅमर चालतो, आरसीसी कॉलममध्ये तर तो लागतोच. पोकळ ब्लॉकमध्ये मात्र हॅमरचे ठोके कवचाला मागून फोडतात. समोर भोक 8 मिमीचं, गोल, सुबक दिसतं आणि मागच्या बाजूला बशीएवढा टवका उडालेला असतो. तो दिसत नाही, पोकळीत पडतो. 30 मिमीच्या कवचातले 15 च भोकाभोवती शिल्लक राहिले की कुठलीही गिट्टी आणली तरी पाया अर्धाच. म्हणून ब्लॉकमध्ये हॅमर बंद, कार्बाइड टोकाचा धारदार बिट आणि नुसतं फिरवणं. वेळ लागतो. शेवटच्या काही मिलिमीटरला दाब कमी करावा, नाहीतर बिट आरपार सटकतो आणि चक प्लास्टरवर आपटतो.

भिंत कोणती हे टकटक करून ओळखता येतं म्हणणारे बरेच भेटतात. जाड प्लास्टरवर माझा तरी कान फसतो. त्यापेक्षा 5 मिमीच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, जिथे वस्तूच्या मागे लपेल अशा जागी एक भोक पाडावं. लाल भुकटी आणि सारखाच अडथळा म्हणजे वीट. पांढरी, पिठासारखी भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखा शिरतो म्हणजे सिपोरेक्स, हलका सच्छिद्र ब्लॉक. त्याच्या गिट्ट्या वेगळ्या असतात, तो विषय इथे घेत नाही. करडी भुकटी आणि बिट पुढे सरकतच नाही म्हणजे आरसीसी. करडी, खरबरीत भुकटी आणि चार-पाच सेंमीवर बिट एकदम आत पडला, तर पोकळ ब्लॉक.

ब्लॉक निघाला की बाइंडिंग तारेचं टोक 5 मिमी काटकोनात वाकवून भोकातून आत घालायचं आणि मागच्या कडेला अडकवून परत ओढायचं. भिंतीच्या पृष्ठाशी तारेला चिमटीत धरून मोजलं की प्लास्टर अधिक कवच अशी जाडी कळते. समजा ती 45 मिमी भरली, 15 प्लास्टर आणि 30 कवच. आता दुकानात "युनिव्हर्सल" म्हणून मिळणारी, पोकळीत गेल्यावर दुमडून गाठ मारणारी 8 बाय 50 ची गिट्टी घेतली आणि भिंतीशी सपाट बसवली, तर पोकळीत तिची फक्त 5 मिमी शेपटी पोचते. तेवढ्यात गाठ पडत नाही. तीच गिट्टी, बिनकॉलरची, 15 मिमी आत ढकलली की 20 मिमी पोकळीत येते आणि स्क्रू ओढला की कवचामागे गोळा होतो. स्क्रू गिट्टीच्या टोकातून बाहेर निघाला पाहिजे, त्याशिवाय तो टोक मागे खेचणार नाही. म्हणून लांबी अशी: 15 ढकललेले, 50 गिट्टी, 3 ब्रॅकेटची पट्टी आणि 7-8 टोकाबाहेर. 75 मिमी, म्हणजे तीन इंची. पिळताना आधी सैल, मग हळूहळू जड आणि शेवटी ठाम लागलं तर गाठ पडली. सैलच फिरत राहिला तर नाही पडली, आणि आणखी फिरवून ती पडणारही नाही.

तीन इंची स्क्रू पाहून "बघा, लांबच लागला ना" असं कोणी म्हणेल. लागला, पण मोजून. गिट्टीच्या पुढे दोन इंच गेलेला स्क्रू विटेत भोकाच्या तळाशी अडतो आणि गिट्टीला उलटं बाहेर ढकलतो. ब्लॉकमध्ये तो हवेत फिरतो. लांबीपेक्षा जाडी चुकलेली मला जास्त वेळा दिसते. 8 मिमीच्या गिट्टीला साडेचार ते 6 मिमी जाडीचा स्क्रू हवा, म्हणजे दुकानाच्या भाषेत 10 किंवा 12 नंबर. 8 नंबर सव्वाचार मिमीच्या आसपास भरतो, त्याने ही गिट्टी नीट फुगत नाही. तो 6 च्या गिट्टीचा आहे. काळा जिप्समचा स्क्रू स्वस्त आहे आणि सगळ्यांच्या पेटीत पडलेला असतो, पण तो कडक पोलादाचा असल्याने वाकण्याऐवजी तुटतो. फळीला, रॅकला तो वापरू नये.

काड्यांबद्दल फार बोलायला नको. विटेतल्या भोकात लाकूड आधी घट्ट बसतं, वाळून आकसलं की सैल होतं. त्यापेक्षा 10 चा बिट मारून 10 ची गिट्टी घालावी. ब्लॉकमध्ये व्हाईट सिमेंट भरणं म्हणजे विहिरीत सिमेंट ओतणं, सगळं खाली पोकळीत जातं. तिथे जाळीची नळी आणि केमिकल अँकर हा खरा उपाय. नळी भोकात घालून ती रेझिनने तळापासून भरायची आणि आटे असलेला रॉड फिरवत आत सरकवायचा. रेझिन जाळीतून बाहेर फुगून कवचामागे गड्डा धरतं आणि वाळल्यावर तोच गड्डा अडकून राहतो. वाळायचा वेळ ट्यूबवर तापमानाप्रमाणे छापलेला असतो. तोवर रॉडला हात लावायचा नाही, हलवून बघायचं तर मुळीच नाही.

स्प्रिंगच्या पंखांचा बोल्टही ब्लॉकमध्ये छान धरतो, फक्त पंख उघडायला जागा लागते. 200 मिमीच्या ब्लॉकमध्ये ती भरपूर मिळते. 100 मिमीच्या ब्लॉकमध्ये दोन्हीकडची कवचं वजा केली की जेमतेम 30 ते 50 मिमी उरते. पंख अर्धे उघडून मागच्या कवचाला टेकतात आणि बोल्ट नुसता फिरत राहतो.

बाथरूमच्या भिंती नेमक्या अशाच 100 मिमीच्या असतात आणि गीझर तिथेच लावायचा असतो. 15 लिटरच्या गीझरमध्ये 15 किलो पाणी, वर टाकीचं वजन धरून साधारण 25 किलो. त्याचा मध्य भिंतीपासून 18 सेंमी पुढे आणि खालचा टेकू हुकांपासून 30 सेंमी खाली धरला, तर वरच्या दोन हुकांवर मिळून 15 किलोची बाहेरची ओढ येते, रात्रंदिवस, गरम-थंड होत. 100 मिमीच्या ब्लॉकवर मी गीझरला कोणतीही गिट्टी वापरत नाही. वर आरसीसीची बीम हुकांच्या उंचीला मिळते का ते आधी बघतो. नसेल तर भिंत आरपार भोकून, पलीकडे 5 मिमी जाडीची लोखंडी पट्टी ठेवून, दोन स्टेनलेस बोल्ट टाकतो आणि नट हाताने लागेल तितका, वर पाऊण वेढा एवढाच आवळतो. जास्त आवळलं तर पोकळ ब्लॉक दोन्ही बाजूंनी दाबून चिरडतो. पलीकडे बेडरूम असेल तर पट्टी दिसते म्हणून घरची माणसं कुरकुरतात. मग तिच्यावर रंग मारून देतो.