येणे बाकी जपून कशी ठेवावी

ग्राहकाकडे थकलेले पैसे मागणे हे खानदानी माणसाला शोभत नाही, ही गोष्ट मनाशी पक्की करूनच आपण उद्योगात उतरावे. भोसरीत माझा दोन सीएनसी मशिनांचा गाळा आहे आणि एकदा बाहेर गेलेले बिल वर्षानुवर्षे बाहेरच कसे राहील, याचा माझा अभ्यास बऱ्यापैकी झालेला आहे. तो अनुभव नवोदितांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात बिलापासूनच करावी. बिलावर पैसे देण्याची नेमकी तारीख चुकूनही छापू नये. नुसते ‘मुदत ४५ दिवस’ असे लिहावे. म्हणजे आपण बिलाच्या तारखेपासून मोजतो, ग्राहकाचे स्टोअर माल आत घेतल्याच्या नोंदीपासून, म्हणजे जीआरएनपासून, मोजते आणि त्यांचा अकाउंट्स विभाग बिल टेबलावर आल्याच्या दिवसापासून मोजतो, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने लेखी करारातली मुदतसुद्धा माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येणार नाही असे ठरवले आहे, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. परंतु असल्या गोष्टी वाचत बसलो तर तारीख मोजता येऊ लागते, आणि तारीख कळली की मागणे आले.

आता माझेच एक उदाहरण सांगतो. मी ३ जूनच्या बिलाने एका मोठ्या कंपनीला २०० फ्लँज दिले. एक हजार रुपये नग, म्हणजे दोन लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण २,३६,००० रुपये झाले. माल ४ जूनला पोहोचला, म्हणजे पैसे १९ जुलैपर्यंत यायला हवे होते. ते आले नाहीत. मात्र दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, जूनच्या विक्रीवरचा जीएसटी मी इमानेइतबारे भरला, कारण सरकारला ‘पार्टीकडून आले की देतो’ असे सांगण्याची सोय अद्याप झालेली नाही.

त्यानंतर मी तीन आठवडे काहीच केले नाही, आणि हा टप्पा कोणीही गाळू नये. मग परचेसच्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या चित्रासह संदेश पाठवला: ‘सुप्रभात साहेब. जरा आमच्याकडेही बघा.’ या संदेशाचे सौंदर्य असे की त्यात बिलाचा क्रमांक नाही, रक्कम नाही, तारीख नाही, आणि ज्याचे उत्तर द्यावे लागेल असा प्रश्नही नाही. साहेबांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. पुढे फोनवर ते ‘गणपतीनंतर बघू’ म्हणाले. गणपतीनंतर पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात लक्ष्मी घराबाहेर काढावी असा आग्रह मी तरी कसा धरणार? मग दसरा झाला, दिवाळी झाली. एकच संदेश मी पाच वेळा पाठवला, त्याच माणसाला आणि त्याच सुरात. बदलली ती फक्त फुले.

नोव्हेंबरात मात्र माझा संयम सुटला, आणि सुटताना तो अर्धवट सुटू नये हेही ध्यानात ठेवावे. रात्री अकरा वाजता मी संचालक, परचेस आणि अकाउंट्स अशा सगळ्यांना एकाच ईमेलमध्ये लाल अक्षरांत कायद्याचे कलम, चक्रवाढ व्याज आणि ‘तुमच्यासारख्या नामांकित कंपनीला हे शोभते का’ असा सवाल लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट्समधल्या मुलीचा फोन आला. तिचा आवाज शांत होता.

“सर, तुमचे बिल होल्डवर आहे. बिल २०० नगांचे आहे आणि आमच्या जीआरएनला १९८ आहेत. दोन नग रिजेक्ट झाले होते. क्रेडिट नोट पाठवा म्हणून १० जूनलाच मेल केली होती.”

ती मेल माझ्या जुन्या लेटरहेडवरच्या पत्त्यावर गेली होती, आणि तो पत्ता कोणीही उघडत नाही. अशा रीतीने २,३६० रुपयांच्या दोन फ्लँजनी २,३६,००० रुपये पाच महिने धरून ठेवले. शिवाय लेखी हरकत १५ दिवसांच्या आत आलेली असल्यामुळे, निदान त्या दोन नगांपुरते तरी, मी ज्या कायद्याचा धाक घातला होता त्याचे घड्याळ मी दुरुस्ती करीपर्यंत सुरूच होणार नव्हते.

याउलट माझ्या शेजारच्या गाळ्यात एक बाई आहेत, त्यांचे अनुकरण कृपया करू नये. त्यांना व्यवसायातली गोडी कळलेलीच नाही. माल गेल्यावर दहाव्या दिवशी त्या ग्राहकाच्या अकाउंट्सला फोन करून ‘जीआरएन झाली का, नग जुळले का’ एवढेच विचारतात. पैशांचे नावही काढत नाहीत. मुदतीच्या पाच दिवस आधी बिल क्रमांक, पीओ क्रमांक, रक्कम आणि तारीख असलेली चार ओळींची मेल जाते, आणि तिच्या शेवटी ‘हे बिल २० तारखेच्या पेमेंटमध्ये धरले आहे का?’ असा रुक्ष प्रश्न असतो, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असेच द्यावे लागते. मुदत टळली की दुसऱ्या दिवशी तीच मेल पुन्हा, आठवड्याने फोन. मिळालेला शब्द त्या लगेच मेलवर लिहून पाठवतात: ‘आपण २८ तारीख सांगितलीत, धन्यवाद.’ पंधरा दिवसांनी अकाउंट्स मॅनेजर, महिन्याने फायनान्सचे प्रमुख. त्यांच्या पत्रांत माणूस वरचा होत जातो, सूर मात्र पहिल्या दिवशी होता तोच राहतो.

यात सर्वात आक्षेपार्ह भाग असा की, वरच्या माणसाला लिहिण्याआधी बाई ग्राहकाच्या परचेसच्या साहेबांना स्वतः कळवतात: “साहेब, उद्या तुमच्या फायनान्सला पत्र जाणार आहे, तुम्हाला बाहेरून कळायला नको.” त्यामुळे साहेबांचा अपमान होत नाही; उलट ते आतून त्यांचेच काम ढकलतात आणि पुढची ऑर्डरही देतात. पुढचा लॉट आधीचे पैसे आल्यावर निघेल हेही त्या लॉट तयार होण्याआधी सांगतात, ट्रक दाराशी लागल्यावर नाही.

कायदा त्या अगदी शेवटी काढतात, आणि तोही कुजबुजल्यासारखा. बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ असे व्याज लागू होते. पैसे अमुक तारखेपर्यंत आले तर ते मागणार नाही, असे एकच वाक्य असते. फेब्रुवारीत मात्र त्यांच्या सर्व पत्रांवर उद्यम नोंदणीचा क्रमांक ठळक होतो. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे मुदत टळलेले पैसे ३१ मार्चला देणे राहिले, तर आयकरात ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे, आणि त्यांच्या ग्राहकांचे सीए ती त्यांच्याआधीच वाचून बसलेले असतात. थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करण्याची वेळ त्यांच्यावर एकदाच आली, आणि तीही अशा ग्राहकाविरुद्ध, ज्याला पुन्हा माल द्यायचाच नाही असे त्यांनी आधी ठरवले होते.

माझ्या त्या कंपनीने क्रेडिट नोट मिळाल्यावर बाराव्या दिवशी पैसे दिले आणि त्यानंतर चौकशीसुद्धा पाठवलेली नाही. सध्या माझे एक बिल दुसऱ्या ग्राहकाकडे आहे. गणपतीनंतर नक्की देतो, असे ते म्हणाले आहेत. कोणत्या वर्षीच्या, हे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.