आठव्या दिवशी दिसलेलं रक्त

"मूळव्याधीला बँड लावून आठ दिवस झाले, आज सकाळी रक्त दिसलं. बँड सुटला का?"

बहुतेक सुटलाच, आणि तो सुटायलाच हवा. रबराने कोंबाचा रक्तपुरवठा तुटतो, कोंब वाळतो आणि साधारण पाच ते दहा दिवसांत बँडसकट गळतो. मागे छोटी जखम राहते, तिथून थोडं रक्त येतं.

माझं देवगडात ऐन आंब्याच्या हंगामात झालं. दहा मिनिटांचं काम, भूलही नाही. दोन दिवस मात्र सारखं संडासला लागल्यासारखं वाटायचं. तेव्हा कुंथत बसायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. सातव्या दिवशी शहाणपणा करून आंब्याच्या पेट्या उचलल्या आणि संध्याकाळी भांड्यातलं पाणी लाल! पडून राहिलो, थांबलं.

तुमचं थांबत नसेल, गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. ताप, वाढतं दुखणं आणि लघवी अडणं, ही तर जंतुसंसर्गाची खूण. तो क्वचित होतो, पण रात्रभर वाट बघू नका.

रक्त पातळ करायची गोळी घेता का? आमच्या काकांची चालू होती, म्हणून त्यांना बँडऐवजी कोंब आकसायचं इंजेक्शन दिलं.