आधी स्नेअर ऐका, मग पाय मोजा

"रॉकचं ड्रमिंग सगळं सारखंच, दोन आणि चारवर स्नेअर. डबल पेडल लावलं की तेच मेटल. बाकी सगळा वेगाचा खेळ." (नाशिकच्या वादकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. स्नेअर म्हणजे हाताने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम; चार ठोक्यांपैकी दोन-चारवरचा स्नेअर, म्हणजे बॅकबीट, हा रॉकचा पाया. पण तो जागचा हलतो, आणि हलला की शैलीच बदलते. गंगापूर रोडवरच्या आमच्या सरावाच्या खोलीत मी हे नव्या मुलांना वाजवून दाखवतो. मेट्रोनोम मिनिटाला १८० ठोक्यांवर, दोन्ही पायांनी एका ठोक्यात बेस ड्रमवर चार फटके, म्हणजे किक. मिनिटाला ७२०, सेकंदाला १२, म्हणजे एका पायाला सहा. पाय असेच चालू ठेवायचे, फक्त स्नेअरची जागा बदलायची. दोन-चारवर ठेवला की सरळ धावणारं हेवी मेटल. फक्त तीनवर ठेवला की हाफ-टाइम: पाय तेवढेच पळतात, पण चाल निम्मी होते आणि मान आपोआप जड हलते. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये टाकला की थ्रॅश. आणि स्नेअरच अखंड कोसळू लागला की ब्लास्ट बीट. तिथे बॅकबीट उरतच नाही. किक एकानेही बदलली नाही, तरी चार शैली झाल्या. रविवार कारंजाजवळच्या मिरवणुकीत ताशा अखंड कडकडतो, पण नाचणाऱ्याचा पाय ढोलाच्या ठोक्यावरच पडतो ना? तसंच हे.

दुसऱ्या मुद्द्याला इतिहासच उत्तर देतो. डबल पेडल म्हणजे एकाच बेस ड्रमवर दोन पायांसाठी दोन पेडलं; तेच काम दोन बेस ड्रमनीही होतं. दोन बेस ड्रम १९४० च्या दशकात जॅझमध्ये ड्रमर लुई बेलसन वाजवत होता. साठच्या दशकात जिंजर बेकर आणि कीथ मून या ड्रमरांनी ते रॉकमध्ये वाजवले, मेटलमध्ये नव्हे. उलट लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यात ड्रमर जॉन बॉनमच्या किकची तिकडी ऐकून अनेकांना डबल पेडल वाटतं. तो एकच पाय आहे.

वेगाचं म्हणाल, तर तो मिळवता येतो. अडतं ते समानतेपाशी. डावा पाय सहसा कच्चा असतो, शिवाय त्याचा बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा दांडू, मधल्या दांड्यामार्फत हलतो. दांड्याचे स्क्रू ढिले असतील तर तो उशिरा पोचतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका: किक सलग न येता लंगडत, एक जड एक हलकी अशी येत असेल, तर वेग ११० वर आणा आणि सुरुवात डाव्या पायाने करा. आणखी एक गोष्ट मुलं विसरतात. डावा पाय पेडलवर गेला की हाय-हॅट, म्हणजे त्याच पायाने मिटणारी झांजांची जोडी, मोकळा सुटतो आणि त्याच्या खळखळाटात बॅकबीट बुडतो. त्यासाठी पायाशिवाय हाय-हॅट मिटलेला ठेवणारा ड्रॉप क्लच लावतात. तो नसेल तर हात राइड नावाच्या मोठ्या झांजेवर न्यावा.