ते 70 टक्के पाणी मोजलं कुणी?

> सर, लेख चांगला आहे, पण ‘मराठवाड्यातला ऊस सिंचनाचं 70 टक्के पाणी पितो’ या वाक्याला तुम्ही दोन वर्किंग पेपर आणि एका थिंक टँकचा अहवाल असा आधार दिलाय. यातला एकही पीअर रिव्ह्यू झालेला नाही. असे कागद कुणीही लिहून वेबसाइटवर टाकतं. तिन्हीकडे तोच आकडा आहे, एवढ्यानं तो खरा ठरतो का?
> — एक वाचक, परभणी

नमस्कार. नाही ठरत. आणि लेख लिहिताना मी नेमकं तेच धरून चाललो होतो, त्यामुळे आधी माझी चूक सांगतो.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर काल रात्री तिन्ही कागद पुन्हा उघडले आणि या वेळी फक्त तळटिपा वाचल्या. दुसरा पेपर पहिल्याचा हवाला देतो, थिंक टँकचा अहवाल दुसऱ्याचा देतो, आणि पहिला जाऊन थांबतो कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ऊसदर धोरणाच्या अहवालाशी. म्हणजे साक्षीदार तीन दिसले तरी पाहणारा एकच होता, बाकीच्यांनी ऐकलेलं सांगितलं. शिवाय आयोगाचं मूळ वाक्य राज्याबद्दल आहे: महाराष्ट्राच्या एकूण पीकक्षेत्राच्या 4 टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस राज्याच्या सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी घेतो. त्यात कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर सगळं आलं. ‘मराठवाड्यातला’ हा शब्द मी घातला. तो चुकीचा होता, आज काढून टाकला आहे.

पण कागद पीअर रिव्ह्यू झालेला नाही म्हणून बाद करा, हे मात्र मला पटत नाही. ज्याच्याशी आपण पोचलो तो आयोगाचा अहवालही कुठल्या नियतकालिकाच्या परीक्षकांनी तपासलेला नाही. प्रादेशिक असमतोलावरचा 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल नाही, 2013 चा केळकर समितीचा नाही. मराठवाड्याच्या अनुशेषाचा बराचसा वाद याच दोन कागदांवर उभा आहे. ते बाजूला ठेवले तर आपल्या भागाबद्दल बोलायला फार थोडं उरतं. त्यामुळे कागद कुठं छापला यापेक्षा मी दुसरंच विचारतो: हा आकडा मोजून आलाय की गुणाकार करून?

आयोगाचं काम उसाच्या दराची शिफारस करणं. पाणी मोजायची यंत्रणा त्याच्याकडे नाही. राज्यात लाखो विहिरी आणि बोअर आहेत, त्यांच्यावर मीटर नाहीत, म्हणून उसानं प्रत्यक्षात किती पाणी घेतलं हे राज्यभर कुणीच मोजलेलं नाही. असा आकडा बहुतेक वेळा निघतो तो एकाच वाटेनं: पिकाचं क्षेत्र गुणिले पिकाची पाण्याची गरज. आणि गुणाकार असेल तर तो आपल्यालाही करून बघता येतो.

ढोबळ धरू. राज्यात सगळ्या पिकांचं मिळून सिंचित क्षेत्र सुमारे 40 लाख हेक्टर, त्यातला ऊस 10 लाख. उसाला हंगामभर 2.5 मीटर पाणी आणि बाकीच्या 30 लाख हेक्टरवरच्या पिकांना सरासरी 40 सेंटिमीटर धरलं, तर उसाचे होतात 25 लाख हेक्टर-मीटर आणि इतरांचे 12 लाख. उसाचा वाटा 68 टक्के. आला की नाही तो ‘जवळपास 70’? आयोगानं असाच हिशोब केला असं मी म्हणत नाही, पण आकडा हवेतला नाही, एवढं यातून कळतं.

आता एकच गोष्ट बदलू. जागतिक अन्न व कृषी संघटना उसाची गरज हंगामाला 1.5 ते 2.5 मीटर सांगते. ही गरज पिकाची एकूण गरज आहे, पावसाचं पाणी त्यातच आलं. कालव्यानं किंवा विहिरीनं द्यायचं ते पाऊस वजा करून उरलेलं. म्हणून सिंचनाचं पाणी 1.5 मीटर धरलं, तर वाटा 56 टक्क्यांवर येतो. त्यात इतर पिकांना 40 ऐवजी 60 सेंटिमीटर धरलं, तर 45. क्षेत्राचे आकडे तेच राहिले, फक्त मधलं गृहीतक हललं, आणि 68 चे 45 झाले. ज्या अहवालात हे गृहीतक कुठं लिहिलेलंच नसतं, त्याचा आकडा मी यापुढे ‘असा अंदाज आहे’ एवढ्याच शब्दांत देईन. इतकं मात्र टिकतं, की 4 टक्के जमिनीवरचं एक पीक सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा घेतं. माझ्या लेखाचा मुद्दा त्यावरही उभा राहतो.

आणखी एक खाच आहे, ती शेतकऱ्याच्या पटकन लक्षात येते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, सुरू हंगामाचा साधारण बारा महिने, आणि तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याचा हिशोब वेगळा. आडसालीचं दीड वर्षाचं पाणी एका वर्षाच्या क्षेत्राशी गुणलं की आकडा फुगतो. कागदात हंगामांची फोड केली आहे का, हे मी आता आधी बघतो. आणि आपल्याकडे तर गरज आणि वापर यांत मोठं अंतर आहे. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी जे ऊस वाळून गेले त्यांनाही गुणाकारात अडीच मीटर पाणी मिळालेलं असतं.

याच्या उलट एक उदाहरण देतो. नाबार्ड आणि आयसीआरआयईआर या थिंक टँकनं 2018 मध्ये प्रमुख पिकांच्या जलउत्पादकतेचा अहवाल काढला. तोही पीअर रिव्ह्यूचा नाही. पण त्यात पद्धत मांडलेली आहे, जिल्हावार नकाशे आहेत, त्यामुळे कुणालाही कुठल्या पायरीवर बोट ठेवता येतं. महाराष्ट्राचा ऊस हेक्टरी उत्पादनात पुढे, पण सिंचनाच्या दर घनमीटर पाण्यामागं उत्तर प्रदेश-बिहारच्या मागं, हा त्याचा निष्कर्ष मी निर्धास्त वापरतो. शिफारशी मात्र सावकाश वाचतो. अहवाल सूक्ष्म सिंचनाचा आग्रह धरतो, आणि तेव्हा सूक्ष्म सिंचनासाठीचा 5,000 कोटींचा निधी नाबार्डकडेच होता. यात लबाडी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आकड्यांचे तक्ते आणि ‘काय करावं’ हे प्रकरण यांना एकाच तराजूत घालू नये, एवढंच.

वर्किंग पेपरबद्दल तुमची एक शंका अगदी रास्त आहे. पेपर बदलतो. त्याच दुव्यावर सहा महिन्यांनी दुसरी आवृत्ती असते आणि आपण दिलेलं वाक्य तिथून गेलेलं असतं. म्हणून लेखात आता प्रत्येक पेपरचा क्रमांक, आवृत्तीची तारीख आणि पान टाकलं आहे, आणि मी वाचलेली प्रत जपून ठेवली आहे. पुढं तो पेपर नियतकालिकात आला असेल तर आकडा तोच राहिला का, हेही ताडून पाहायचं. नियतकालिकातल्या आवृत्तीतून एखादा तक्ता गळाला असेल, तर मी तो वापरत नाही.

लेखातलं वाक्य आता असं आहे: ‘महाराष्ट्रात पीकक्षेत्राच्या सुमारे 4 टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला 45 ते 70 टक्के वाटा घेत असावा, हा मोजलेला वापर नसून गरजेवरून काढलेला अंदाज आहे.’ मराठवाड्याचा वेगळा आकडा दिलेला नाही, कारण राज्याचा आकडा तोडून तो काढता येत नाही.

तो मिळवायची एक वाट मात्र तुमच्या जिल्ह्यातून जाते. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं आहे. जायकवाडीचा डावा कालवा परभणीपर्यंत येतो. त्यावरच्या एखाद्या संस्थेत तुमची ओळख असेल, तर दोन-तीन वर्षांची आवर्तनाची नोंदवही आणि त्या हंगामांतली पिकांची मागणीपत्रकं बघायला मिळतील का, विचारून पाहा. मी यायला तयार आहे.